कपाटाचा जुना फोटो

माझं तोंड फटकळ आहे, असं आई लहानपणापासून म्हणत आलीय. मी मूर्ख, ते कौतुक समजत होते.

आमचं ऑफिस छोटं. फर्निचरवाल्यांचे कॅटलॉग बनवतो. फोटोकाका फोटो काढून मूळ फाइली एका फोल्डरमध्ये ठेवतात. मी त्या छपाईजोग्या करून पानांत बसवते. पूर्वी एक खुर्ची बदलली तरी सगळेच्या सगळे फोटो पहिल्यापासून बनवायला लागायचे आणि आम्ही चहा पीत बसायचो. मग मी मेकफाइल लिहिली. 'मेक' नावाच्या प्रोग्रॅमला नियम घालून दिला: मूळ फोटोची तारीख तयार फोटोच्या नंतरची असेल, तर तेवढाच पुन्हा बनव, बाकीच्यांना हात लावू नकोस. काम चुटकीसरशी व्हायला लागलं. मॅडमनी पाठ थोपटली, आणि माझं नाक जे वर गेलं ते वरच राहिलं.

गेल्या महिन्यात गिऱ्हाइकानं कळवलं, पांढऱ्या कपाटाच्या नव्या फोटोत दारावर ओरखडा दिसतोय, मागच्या वर्षीचाच फोटो लावा. काका जुनी डिस्क शोधायला गेले. थोड्या वेळानं म्हणाले, "लावला गं." मी मेक चालवलं, बदललेले दोनचार फोटो झाले, पानं छपाईला गेली. त्या दोनचारांत कपाट आहे का, हे बघायची तसदी कोण घेतो? यंत्रणा माझी होती ना!

कॅटलॉग छापून आला. ओरखडा जसाच्या तसा.

गिऱ्हाइकानं फोनवर मॅडमना नाही नाही ते ऐकवलं. मॅडमनी माझ्याकडे बघायच्या आत मी काकांवर धावून गेले, सगळ्यांदेखत.

"लावला म्हणालात ना? मग हे काय आहे?"

"अगं, लावला होता. त्याच नावानं, ओरखड्यावाल्यावर टाकला."

"मग काय उडून गेला? लक्षात राहत नसेल तर तसं सांगा, काका. माझ्या सिस्टिमची चूक होत नाही."

काका चष्मा पुसत बसले. संध्याकाळी ते स्वतः गिऱ्हाइकाकडे गेले, "चूक माझी" म्हणाले, हात जोडून आले. मला कळलं तेव्हा वाटलं, बरं झालं, आता तरी लक्ष देतील. खरंच असं वाटलं मला.

त्यानंतर काका कॅमेऱ्याची पिशवी भरून झाली की पुन्हा उघडायचे. "टेबलाचे फोटो दिले ना मी तुला?" सकाळी विचारायचे, दुपारी विचारायचे. "दिलेत हो," मी मान वर न करता म्हणायचे. त्यांची आई शेवटी शेवटी त्यांनाच ओळखत नव्हती. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं ते. मलाही होतं.

आज वेबसाइटसाठी तेच फोटो मोठ्या आकारात हवे होते. नियमात नुसता आकार बदलला असता तर मेकनं जुनेच तयार फोटो चालवून घेतले असते, म्हणून मी तयार फोटोंचं फोल्डर सरळ उडवलं आणि सगळं नव्यानं बनवलं. चाळताना पांढरं कपाट आलं. दार स्वच्छ. ओरखडा नाही.

मूळ फाइल उघडली. तारीख मागच्या वर्षीची. काकांनी डिस्कवरून कॉपी केली तेव्हा फाइलची जुनी तारीख तशीच राहिली होती. ओरखड्यावाला तयार फोटो मात्र गेल्याच महिन्यातला. मेकनं दोन तारखा बघितल्या, मूळ फोटो जुना आहे म्हणजे करण्यासारखं काही नाही असं धरलं, आणि पुढे गेलं. आत चित्र कोणतं आहे ते मेक बघतच नाही. त्या एका फोटोपुरतं 'पुन्हा बनव' असं बजावलं असतं तरी भागलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका आतल्या खोलीत एका सोफ्यावर दिवे लावत होते. मी आत जाऊन दार लोटलं.

"काका, कपाटाचा फोटो तुम्ही लावला होता. माझ्या मेकफाइलनं तो उचललाच नाही. चूक माझी होती."

"नक्की?"

मी लॅपटॉपवर दोन्ही तारखा दाखवल्या. त्यांना त्यातलं फार कळलं नसावं. ते परत म्हणाले, "नक्की मीच लावलेला?"

"तुम्हीच."

रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी फोन काढला आणि काकूंना लावला.

"ऐक, त्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीयेस ना, ती नको आता. अगं नाही, विसरलो नव्हतो मी. लावला होता." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "रडतेस काय, वेडे? लावला होता म्हणतोय ना."

माझ्या पाठीमागे दार बंद होतं. मी ओरडले होते सगळ्यांसमोर, आणि हे सांगायला दार लोटून आले होते. मी ते सताड उघडलं आणि मॅडमना हाक मारली.