मायाक्काचे आवाज

मायाक्का बोलायला लागली की ज्याचं बोलणं असेल तो माणूसच समोर उभा राहायचा. मंगळवेढ्याच्या पुढच्या माळावर मेंढरं राखताना तिला हा नाद लागला. सासूबाई, देवळातला पुजारी, बकऱ्यांचा व्यापारी महादेवप्पा, सगळ्यांचे आवाज ती स्वतः काढून फोनवर रेकॉर्ड करून ठेवायची आणि बहीण रुपाली भेटायला आली की दोघी ज्वारीच्या ताटांआड बसून ऐकायच्या. पाठवायची मात्र कुणाला नाही. पाठवलेलं गावभर व्हायला वेळ लागत नाही. सगळ्यात जास्त रेकॉर्डिंगं नवऱ्याच्या आवाजाची होती, आणि जोतिरामला त्याचा पत्ताही नव्हता.

एके दिवशी तिच्या फोनवर आलेला अपडेट जोतिरामनंच दाबला. फोन बंद झाला, चालू झाला, कंपनीचं नाव दिसलं आणि परत बंद. परत नाव, परत बंद. दुपारपर्यंत तेच. तालुक्याच्या मोबाइल दुकानदारानं सांगितलं, सगळं पुसून टाकलं की सुरू होईल. जोतिराम लगेच तयार झाला. नंबर तर परत मिळतील, त्यात जायचं काय, असं त्याचं म्हणणं. मायाक्कानं काउंटरवरचा फोन उचलला आणि पदराखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी दोघं सोलापुरात सात रस्त्याजवळ शिवयोगीच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात पोचली. शिवयोगी घरी कन्नड, दुकानात मराठी बोलणारा, शांत माणूस. त्यानं आधी पॉवरचं बटण अडकलं नाही ना ते पाहिलं, सिम आणि मेमरी कार्ड काढून ठेवलं, फोन चार्जिंगला लावला. मग दोन बटणं एकदम दाबून धरली, तशी काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांची यादी आली. ह्याला रिकव्हरी म्हणतात, त्यानं सांगितलं. एक ओळ नुसती फोन परत सुरू करायची. एक कॅश पुसायची, म्हणजे फोननं कामापुरता जमवलेला पाला, त्यात आपलं काही जात नाही. आणि एका ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, “ही फॅक्टरी रिसेट. हिला हात लावला की फोटो, आवाज, सगळं गेलं. आत काय आहे, अक्का? कुठं दुसरीकडं ठेवलंय का?”

मायाक्कानं जोतिरामकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

“माझे आवाज हायत,” ती म्हणाली. “दुसरीकडं कुटंच न्हाईत.”

जोतिरामला काही उमजलं नाही. शिवयोगीनं जास्त विचारलं नाही. त्यानं कॅश पुसली. फोन सुरू झाला, नाव दिसलं, बंद पडला. फोन उघडून आतली मेमरी काढता येईल का, जोतिरामनं विचारलं. शिवयोगीनं मान हलवली. आतलं सगळं कुलूपबंद असतं, फोन स्वतः उघडल्याशिवाय वाचता येत नाही.

एक रस्ता उरला होता. ह्याच मॉडेलचा, कंपनीचा पूर्ण अपडेट कॉम्प्युटरवरून केबलनं परत चढवायचा. त्यात वरची व्यवस्था नवी बसते, आतलं सामान सहसा जागेवर राहतं. “सहसा म्हणतोय, अक्का. खात्री देत नाही. हे जमलं नाही तर मग पुसणंच उरतं.”

“करा,” मायाक्का म्हणाली.

कॉम्प्युटरवर आकडा हळूहळू चढत गेला. जोतिरामनं बाहेरून चहा आणला, तिनं तो गार होऊ दिला. फोन सुरू झाला, नाव आलं आणि ह्या वेळी बराच वेळ तसंच राहिलं. मग कुलपाचा पडदा आला.

शिवयोगीनं फोन तिच्याकडं सरकवला आणि स्वतः तोंड फिरवलं. “कुलपाची नक्षी तुम्हीच काढा. ती दुकानदाराला दाखवायची नसते. आणि आधी सगळं कार्डावर उतरवून घेऊ, बाकीचं नंतर.”

रेकॉर्डिंगं जिथल्या तिथं होती. कार्ड परत घालून तिच्यासमोरच त्यानं ती उतरवली आणि नीट आलीत का ते तिलाच एखादं वाजवून बघायला सांगितलं. गडबडीत मायाक्काचं बोट भलत्याच रेकॉर्डिंगवर पडलं. आवाज फुल होता. दुकानभर जोतिराम बोलायला लागला, बोकडाचा भाव करत, मधेच खोकत, “आता बगा, मी काय खोटं बोलनारा मानूस न्हाय” असं दर वाक्याला म्हणत.

जोतिराम आधी फोनकडं, मग बायकोकडं बघत राहिला. शिवयोगी ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायला लागला, त्याचे खांदे हलत होते.

“ह्ये मी कवा बोललो?” जोतिरामनं विचारलं.

“तुमी न्हाय. मी.”

मग त्यानं ते पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना खोकल्यापाशी त्याला हसू फुटलं आणि ते थांबेचना, डोळ्यांत पाणी आलं. एसटी स्टँडवर गाडीला वेळ होता. तिथल्या बाकावर तो तिच्या शेजारी सरकून बसला आणि हळूच म्हणाला,

“महादेवप्पाचा हाय का?”

मायाक्कानं फोन काढलाच नाही. घसा साफ केला आणि तिथंच महादेवप्पा सुरू केला. पलीकडं बसलेली दोन माणसं मागं वळून व्यापारी कुठं आलाय ते बघायला लागली.