कारणाचा रकाना

गेल्या अकरा दिवसांत रीताने घरात नको नको ते सगळं सांगून टाकलं होतं. दूधवाला पाणी घालतो, लेकीच्या, अंकिताच्या, वर्गशिक्षिका बदलल्या, गॅस संपत आलाय. सांगायची राहिली होती ती एकच गोष्ट, आणि ती कपाटात साड्यांच्या घडीखाली एका पत्रात पडून होती. तीन जुलैला निघायचं, चेन्नईला बारा आठवडे डायलिसिसचं प्रशिक्षण घ्यायचं आणि अठ्ठावीस सप्टेंबरला परत यायचं. सावंगीच्या ज्या दवाखान्यात ती सिस्टर होती, तिथून एकटी तिचीच निवड झाली होती. परतल्यावर डायलिसिस युनिट तिच्या हाती येणार होतं.

चार वर्षांपूर्वी अशीच एक संधी आली होती. तेव्हा सासूबाई कौशल्याबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "अन् पोरीले कोन पाहीन?" नवरा गजेंद्र ताटातली भाजी चिवडत गप्प बसला होता, आणि संधी हुकली होती. रीताला सासूबाईंचा राग आलाच नव्हता. त्या चिवडलेल्या भाजीचा मात्र अजून येत होता.

त्यामुळे आज एकोणतीस जून उजाडला तरी तिच्या तोंडाला कुलूप होतं. आणि माणूस असा गप्प राहिला की हातांना भलतीच कामं सुचतात. तिला सुचलं जिमचं. दोघांनी जानेवारीत वर्षभराचं जोडप्याचं पॅकेज घेतलं होतं. तीन महिने ती नसताना आपले दिवस कशाला वाया घालवायचे? घरी सांगणं जमत नव्हतं, निदान मेंबरशिप तरी फ्रीज करू, म्हणजे तेवढे दिवस थांबवून पुढे सरकवू. केवढं मोठं काम उरकल्यासारखं वाटलं असतं!

सकाळचे सव्वासहा. जिममध्ये वर्ध्यातल्या निम्म्या दुकानदारांची पोटं आत ओढली जात होती. गजेंद्र ट्रेडमिलवर चढला, तशी रीता पाण्याची बाटली भरायचं निमित्त करून काउंटरकडे वळली. मधे काच होती. तिच्यातून गजेंद्रची पाठ दिसत होती. रीताने तीनदा वळून पाहिलं, चौथ्यांदा स्वतःवरच चिडली.

"मयुरी, फ्रीज करायचं आहे. फक्त माझं."

काउंटरवरच्या मयुरीने कॉम्प्युटरवरची नजर काढली नाही. "कमीत कमी पंधरा दिवस, जास्तीत जास्त नव्वद. वर्षातून एकदाच भेटते, ताई. अन् सुरू व्हायच्या आधी सांगा लागते, मागच्या तारखेनं होत नाई."

"तीन जुलै ते अठ्ठावीस सप्टेंबर."

"म्हणजे अठ्ठ्याऐंशी दिवस. एकतीस डिसेंबरले संपत होती, ते पुढं सरकून एकोणतीस मार्च होईन." बोटं चालता चालता थांबली. "पण ताई, तुमचं तं झालं आहे ना फ्रीज."

"काय?"

"भैय्यांनी परवाच करून घेतलं. पॅकेजमधे मुख्य मेंबर तेच आहेत, सही त्यांचीच लागते." तिने फाईल काढून फॉर्म समोर सरकवला.

रीताने वाचलं. मेंबरचं नाव, रीता. कधीपासून, तीन जुलै. तारीख बरोबर होती. म्हणजे त्याने पत्र वाचलं होतं! साड्यांच्या घडीत हात घालून वाचलं, परत तसंच ठेवलं आणि तिच्यासमोर बसून दूधवाल्याच्या पाण्यावर मान डोलावत राहिला. कधीपर्यंत, एक ऑगस्ट. एकूण दिवस, तीस. आणि कारणाच्या रकान्यात दुकानाच्या वहीत लिहितो तशा वळणदार अक्षरात एकच शब्द होता, 'माहेरी'.

तिला आधी रडू येईल असं वाटलं. त्याने अडवलं नव्हतं, उलट तिची सोय करून ठेवली होती. पण तो एक शब्द खुपला. वीस जणांना मागे टाकून मिळवलेली जागा, आणि हा माणूस तिला वडनेरला आईकडे धाडत होता! तेही तीस दिवसांनी परत बोलवून.

ती सरळ आत गेली आणि ट्रेडमिलचं लाल बटण दाबलं. गजेंद्र पडता पडता वाचला.

"बाहेर या."

"काऊन, काय झालं?"

"या म्हटलं ना."

काउंटरपाशी फॉर्म पाहिल्यावर त्याचा चेहरा उतरला. मयुरीने शहाणपणा करून टॉवेल मोजायला घेतले.

"पत्र वाचलं तुम्ही?" रीताने हळूच विचारलं.

"हाव."

"मग बोलले काऊन नाई?"

"तू सांगशीन म्हणून वाट पाहून राह्यलो होतो," तो म्हणाला. "दहा दिवस झाले. मले वाटलं, याही येळी मी भाजी चिवडत बसीन असं तुले वाटून राह्यलं असन."

त्याला ती भाजी आठवत होती, हे रीताला ठाऊक नव्हतं. क्षणभर तिचा राग ढिला पडला. पण तिने तो ओसरू दिला नाही. "बारा आठवडे लिहिलं आहे पत्रात. तीस दिवस कुठून काढले?"

गजेंद्रने घामाने ओला झालेला मनगटाचा पट्टा काढला, परत घातला. "अठ्ठ्याऐंशी लिहायले बसलो होतो. हात चालला नाई. तीसच्या पुढं घर कसं चालवा, हे मले समजतच नाई, रीता. अंकिताची वेणी घालता येत नाई मले."

"अन् माहेरी?"

"इथं सारे बाजारातले लोक येतात. विचारतात. मले वाटलं, सोपं पडन."

"कोणाले सोपं?"

रीता बोलत सुटली. "तीस दिवसांत अर्धंच शिकीन, तं मग जाऊ कायले? अन् मी काही चोरी करून राह्यली का? माहेरी गेली म्हणून सांगान, तं परत आल्यावर मी काय शिकून आली, हे कोणाले सांगता येईन तुमाले?"

गजेंद्रने फॉर्म उचलून पुन्हा वाचला. रीताला वाटलं, झालं, हा आता पुन्हा गप्प बसणार. मग त्याने मयुरीला विचारलं, "हे बदलता येते का?"

"तीन तारीख यायची आहे अजून. त्याच्या आधी होते. नवीन भरा."

तो वाकून लिहू लागला. तीन जुलै लिहिलं. अठ्ठावीस सप्टेंबर लिहिताना पेन थांबलं, पण लिहिलं. कारणाच्या रकान्याशी तो पुन्हा अडला, आणि रीताने मुद्दामच मदत केली नाही.

तेवढ्यात धान्याचे व्यापारी बापूराव मान पुसत बाहेर आले. गजेंद्रच्या खांद्यावरून डोकावण्याची त्यांना सवयच होती. "अरे, फ्रीज? वहिनी माहेरी चालल्या वाटते!"

गजेंद्रने मान वर केली. इथं जो शब्द निघेल तो दुपारपर्यंत बाजारभर होणार, आणि संध्याकाळी सासूबाईंच्या कानावर जाणार, हे तिला माहीत होतं. त्यालाही होतं.

"नाई," तो म्हणाला, आणि आवाज पाहिजे त्याहून जरा मोठाच निघाला. "चेन्नईले. डायलिसिसचं शिकायले. तीन महिने."

"तीन महिने?" बापूराव खरोखरच चकित झाले. "अन् घरी कोन?"

"मी आहो ना घरी," गजेंद्र म्हणाला, आणि रकान्यात लिहायला खाली वाकला.