बाण नसलेला तक्ता

आपल्या हातून आजवर एकही अक्षर वाकडं पडलं नाही, हे पेंटर समोरच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगून मोकळा व्हायचा. आणि ते खोटंही नव्हतं. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. केशकर्तनालय असो की दंतवैद्य, त्याच्या ब्रशखालून गेलं की अक्षरं कशी ताठ उभी राहायची, शाळेतल्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखी.

त्या दिवशी मात्र तो कर्णबधिर मुलांच्या केंद्रात बाईंच्या टेबलासमोर बसला होता आणि त्याचा चेहरा पार उतरला होता. बाई चार वर्षांच्या चिमीला शिकवायच्या. चिमी म्हणजे पेंटरची एकुलती एक लेक. कानाला मशीन होतं, त्यातून तिला थोडंफार ऐकू यायचं, पण बोलणं समजण्याइतकं नाही. शेजारच्या खोलीत ती लाकडी ठोकळे रचत होती आणि दाराच्या काचेतून तिच्या डोक्याचा शेंडा तेवढा दिसत होता.

"बाई, एक विचारतो, हसू नका," पेंटर म्हणाला. "ती माझ्याशी बोलत नाही."

"म्हणजे?"

"मी हात वर केले की डोळेच मिटून घेते. आईशी दिवसभर हातांनी गुलुगुलु चाललेलं असतं दोघींचं. दूध हवं, बूट नको, मांजर आलं, सगळं सांगते. मी समोर गेलो की डोळे बंद. आता हिने डोळे मिटले की मी काय बोलणार? ओरडलो तरी उपयोग नाही."

शेवटचं वाक्य त्याने विनोद म्हणून म्हटलं होतं, पण त्याचं त्यालाच हसू आलं नाही. बहिऱ्या पोरीने डोळे मिटणं म्हणजे तोंडावर दार लावणं, एवढं त्याला कळत होतं. तीन आठवडे तो ते दार वाजवत होता.

"आणि मी कष्ट कमी केलेत असं नाही हां," असं म्हणत त्याने मोबाईल काढला. "केंद्राच्या व्हरांड्यात तुमचा तो तक्ता आहे ना, वर हाताची बाराखडी आणि खाली रोजच्या खुणा? त्याचा फोटो काढला होता. हे बघा."

बाईंनी फोटो पाहिला. फोटो घाईत काढलेला होता. फ्लॅशचा झोत तक्त्याच्या गुळगुळीत कागदावर बरोबर मधोमध आपटला होता आणि खालच्या अर्ध्या भागावर पांढरा डाग पसरला होता.

"आणि हे त्यावरून मी घरी केलंय," पेंटरने दुसरा फोटो पुढे सरकवला. आवाजात नाही म्हटलं तरी थोडा रुबाब आला.

चिमीच्या खाटेशेजारची अख्खी भिंत होती ती. पिवळ्या पार्श्वभूमीवर निळे हात. सव्वीस इंग्रजी अक्षरं, सव्वीस चौकटी, एकही रेघ इकडची तिकडे नाही. खाली खुणांच्या चौकटी, खांद्यापासून वरची माणसं, आणि त्यांचे चेहरे कोरे, नुसते गुळगुळीत गोल.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. "किती सुंदर काढलंय हो," त्या म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. मग त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. "इथे 'ये' आहे. 'जा' कुठंय?"

"त्याची एक गंमतच झाली," पेंटर खुलला. "तुमच्या छापखान्याने चूक केलीय, बाई. 'ये' आणि 'जा' या दोन्ही चौकटींत एकच चित्र! तोच हात, तेच बोट. आमच्या धंद्यात असं खपत नाही. मी एक गाळलं. आणि जिथे तिथे काहीतरी काड्या, ओरखडे होते, तेही साफ केले. चेहरे डागात गेले होते, ते आपले कोरेच ठेवले. हातच तर शिकायचे आहेत."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. पण हसू कुठलं थांबायला! हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पेंटर चांगलाच ओशाळला.

"सांगितलं होतं, हसू नका म्हणून."

"चुकलं, चुकलं. चला माझ्याबरोबर." त्या त्याला व्हरांड्यात घेऊन गेल्या आणि मूळ तक्त्यापुढे उभं केलं. "हे बघा तुमचे ओरखडे."

'ये'च्या चौकटीत हाताशेजारी बारीकसा बाण होता, छातीकडे येणारा. 'जा'च्या चौकटीतही बाण होता, छातीपासून दूर जाणारा. पेंटर वाकून पाहत राहिला. 'जेवण'च्या चौकटीत जुळवलेली पाच बोटं तोंडाकडे चालली होती आणि तिथे एकामागे एक असे दोन छोटे बाण होते.

"दोन बाण म्हणजे दोनदा," बाई म्हणाल्या. "छापखान्याने चूक केलेली नाही. कागदाला हलता येत नाही, म्हणून बिचाऱ्याने बाण काढलेत. खूण म्हणजे नुसता हात नाही, हात कुठून कुठे जातो तेही आहे. तुम्ही तिच्यासमोर कसं करता, दाखवा."

पेंटरने पाच बोटं जुळवून ओठांजवळ नेली आणि तिथेच धरून ठेवली. चेहरा असा केला की पासपोर्टच्या फोटोलाही चालला असता.

"किती वेळ असे उभे राहता?"

"तिला नीट दिसावं म्हणून... असेल मिनिटभर."

"आणि कुठे उभे राहता?"

"खाटेपुढे. खिडकीला पाठ करून."

"पेंटर, तुम्ही प्रकाशात काम करणारी माणसं ना? पाठीमागे खिडकी ठेवून कोणाचं तोंड दिसतं?"

पेंटरने कपाळावर हात मारला. हे तर त्याच्या धंद्यातलं होतं. उन्हाकडे पाठ केलेल्या माणसाचं चित्र तो कधी काढायला बसला नसता.

"आता ही वरची अक्षरं," बाई पुढे म्हणाल्या. "ती काय करता?"

इथे पेंटरचा हात धरणारं कोणी नव्हतं. उजव्या हाताचं पहिलं बोट डाव्या अंगठ्याच्या टोकाला लावलं की ए, शेजारच्या बोटाला लावलं की ई, मधल्याला आय, पुढे ओ, करंगळीला यू. सव्वीसच्या सव्वीस त्याने झपाझप करून दाखवली, फक्त प्रत्येक वेळी आपल्याला दिसावं म्हणून हात स्वतःकडे वळवून.

"पाठांतर एकदम पक्कं आहे. हात मात्र तिला दिसेल असा धरा, तुम्हाला नाही. तक्त्यात बघणाऱ्याला दिसतो तसा हात काढलाय. आणि मोबाईलवर शोधलंत तर एका हाताची बाराखडीही सापडेल. ती दुसऱ्या देशांतली, आपली दोन हातांची. मिसळू नका. बरं, हे चिमीला कशासाठी करून दाखवता?"

"पाणी हवं का विचारायला. एकेक अक्षर करून."

"चिमीला लिहितावाचता येतं?"

"चार वर्षांची आहे हो ती."

पेंटरच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला.

"तुम्ही दोन वर्षांचे असताना तुमच्या आईने तुम्हाला तहान लागलीय का विचारताना सुटी अक्षरं म्हणून दाखवली असती, तर तुम्ही काय केलं असतं?"

"रडलो असतो," पेंटर प्रामाणिकपणे म्हणाला.

"चिमी शहाणी आहे, तिने नुसते डोळे मिटले. अक्षरं वाया जायची नाहीत. तिचं नाव, रस्त्याचं नाव, ज्याला खूण नाही असं काहीही पुढे अक्षरांनीच सांगायचंय. पण आधी तिला भाषा हवी, आणि ती खाली आहे." बाईंनी खुणांच्या चौकटींवर बोट ठेवलं. "आणि ती हातांत निम्मीच आहे. माझे आई आणि बाबा दोघंही बहिरे. घरी कोणी चिडलं तर मला हात बघावेच लागायचे नाहीत, चेहऱ्यावरच कळायचं. हे बघा, हे 'जेवण'." त्यांनी बोटं दोनदा तोंडाकडे नेली. "आणि हे 'जेवतेस का?'" बोटं तशीच दोनदा गेली, पण या वेळी भुवया वर चढल्या, डोळे मोठे झाले, मान किंचित पुढे आली, आणि त्या उत्तराची वाट बघत तशाच थांबल्या.

पेंटरला नकळत उत्तर द्यावंसं वाटलं. सकाळपासून चहाच झाला होता.

"विचारणं चेहऱ्यावर असतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या भिंतीवर ती माणसं बिनचेहऱ्याची, आणि समोर तुम्हीही तसेच. तीन आठवडे तुम्ही तिला काही विचारलंच नव्हतं. मग ती सांगणार काय? आता खाली बसा, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. आधी जमिनीवर हलकेच पाय आपटा, तिला थरथर जाणवते. तिने बघितलं की मगच सुरू करा."

पेंटरने तिथेच व्हरांड्यात उकिडवं बसून भुवया वर करून पाहिल्या. पहिल्यांदा तो घाबरल्यासारखा दिसला, दुसऱ्यांदा कोणावर तरी डाफरल्यासारखा. केंद्राचा शिपाई जाता जाता "काय झालं साहेब, चक्कर आली?" असं विचारून गेला. सातव्या की आठव्या खेपेला बाईंनी मान डोलावली. पेंटरला शरम वाटत होती, पण त्याहून जास्त आनंद होत होता. दोष पोरीत नाही, तिच्या रागात नाही, आपल्या भिंतीत आहे, आणि भिंत तर काय, पुन्हा रंगवता येते.

घरी पोचल्यावर चिमीच्या आईने ताट वाढलं आणि तो पोटभर जेवला. चिमीचं दूध आणि केळं आधीच झालं होतं. ती खोलीत खाटेवर बसून बाहुलीचा बूट काढत होती.

पेंटर आत गेला. सवयीने पाय खिडकीकडे वळले होते, ते त्याने आवरले आणि उजेड तोंडावर येईल असा जमिनीवर बसला. पाय आपटला. चिमीने वर पाहिलं. बापाचे हात वर येताना दिसताच तिच्या पापण्या खाली यायला लागल्या.

त्याने घाई केली नाही. भुवया वर केल्या, मान पुढे केली, बोटं दोनदा तोंडाकडे नेली आणि थांबला.

पापण्या अर्ध्यावर अडल्या, आणि हळूहळू उघडल्या. चिमी त्याच्या हातांकडे बघतच नव्हती, त्याच्या कपाळाकडे बघत होती. मग तिने मान जोरात हलवली. नाही. पोटावर थाप मारली. भरलंय.

पेंटरला ओरडावंसं वाटलं, चिमीच्या आईला हाक मारावीशी वाटली. पण हलायची सोय नव्हती, कारण चिमीचं बोलणं संपलं नव्हतं. बाहुली बाजूला ठेवून तिने एक बोट त्याच्या छातीवर टेकवलं. मग आपली पाच इवली बोटं जुळवली, दोनदा तोंडाकडे नेली, आणि भुवया इतक्या वर चढवल्या की कपाळावर आठ्या पडल्या. तशीच थांबली.

तू जेवलास?

चार वर्षांत तिने त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. पेंटरचं पोट तर इतकं भरलं होतं की पट्टा एक भोक सैल करावा लागला होता. होय म्हटलं असतं तर बोलणं तिथेच संपलं असतं.

त्याने चेहरा जमेल तितका केविलवाणा केला आणि मान हलवली. नाही.

चिमी खाटेवरून उडी मारून उतरली, त्याचा हात दोन्ही हातांनी धरला आणि त्याला ओढत ताटाकडे घेऊन निघाली.