ताबा आमचाच

निकाल आमच्या बाजूने लागला, तेव्हा मी कोर्टातच वकीलबाईंचा हात घट्ट धरला. नवरा खुर्चीत बसून मान डोलावत होता. निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायचा हट्ट त्याचाच. म्हणून सकाळी दोन हमालांनी त्याला खुर्चीसकट तिसऱ्या मजल्यावरून उतरवलं होतं. गुडघे गेल्यापासून तो पहिल्यांदाच खाली आला होता.

माझा बेत पक्का होता. हे घर विकायचं आणि लेकीच्या शेजारी तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या. नवऱ्याला अंगणात ऊन खाता आलं असतं.

घर त्याच्या दोस्ताचं. विक्रीचा करार लेखी झाला, सह्या झाल्या, सगळे पैसे दिले, किल्ली हातात आली. करार नोंदवला नाही, तेव्हा तशी सक्ती नव्हती. पण खरेदीखत नोंदवून घ्यायला हवंच होतं. मी मागे लागले की नवरा म्हणायचा, "दोस्ताला काय कोर्टात खेचू?" दोस्त गेला आणि त्याच्या मुलानेच आम्हाला कोर्टात खेचलं. घर खाली करा म्हणे!

"आता खरेदीखत कधी करायचं?" मी वकीलबाईंना विचारलं.

त्यांनी चष्मा काढला. "काकू, हे मी आधीही सांगितलं होतं. लेखी करारावर तुम्हाला ताबा मिळाला, तुम्ही आपला शब्द पूर्ण पाळलात, म्हणून तो तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. एवढंच. कागदोपत्री मालक तोच. खरेदीखत करून दे म्हणून दावा लावायची मुदत केव्हाच गेली."

"मग विकायचं कसं?"

"तुमच्या नावावर नाही ते तुम्ही कसं विकणार? हे छत्रीसारखं आहे. खाली उभ्या आहात तोवर कोरड्या."

सांगितलं असेल त्यांनी. मला तेव्हा फक्त 'जिंकाल' एवढंच ऐकू आलं होतं. स्वतःचाच संताप आला.

पायऱ्यांवर दोस्ताचा मुलगा भेटला. हरलेल्या माणसाचं तोंड असं नसतं.

"तुझ्या बापानं पैसे घेतलेत रे," मी म्हणाले. "एक सही करून टाक."

"सही कशाला, काकू? कोर्टानंच सांगितलंय. राहा की खुशाल. कोण काढतंय तुम्हाला?"

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण घर सोडलं तर त्याचंच फावणार होतं. नाही सोडलं तरी त्याचं काय अडत होतं?

नवऱ्याला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. इमारतीच्या दाराशी हमालांनी खुर्ची उचलली, तसा तो मागे वळून मोठ्याने म्हणाला, "जिंकलो ना गं?"

"जिंकलो," मी म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकवून हमालाने घाम पुसला. "बाई, साहेबांना परत खाली कधी न्यायचं?"

नवरा हसून माझ्याकडे बघायला लागला. तारीख मी सांगेन, असं त्याला वाटत होतं.