तिसरा मुद्दा

सकाळी आठ वाजता सरपंच विजयसिंहांनी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक इंग्रजी बातमी टाकली आणि तिच्याखाली, हे इंग्रजी गावात कोण वाचणार अशा खात्रीनं, मराठीत तीन मुद्दे टाकले. एक, आपल्या गावाचं नाव दिल्लीच्या पेपरात. दोन, तालुक्यात सत्तावीस हंगामी वसतिगृहं मंजूर. तीन, ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांनी निर्धास्त जावं, मुलांची सोय झाली. शेवटी जोडलेले हात. नऊच्या आत त्या हातांखाली शंभरावर अंगठे उमटले.

सरस्वतीबाईला अंगठा उमटवायलाही सवड नव्हती. दुपारी चारला ट्रॅक्टर निघणार होते. कोयत्यांना धार लावून झाली होती, पण ताडपत्री शिवायची होती, पिठाचा डबा बांधायचा होता, आणि नवरा आश्रुबा दर पाच मिनिटांनी येऊन दोरी कुठाय म्हणून विचारत होता. दोरी त्याच्याच खांद्यावर होती.

"रोहिणे," ती सुई तोंडातून काढत थोरलीला म्हणाली, "ती बातमी तू सोता वाच. मला तीनच गोष्टी सांग, जास्ती ऐकायला येळ न्हाई. करिष्माला ठिवून जायचं का संगं न्यायचं, तेवढं कळू दे म्हंजी झालं."

तेवढंच कळायला हवं होतं आणि त्यावर धाकटीचं अख्खं वर्ष अवलंबून होतं. करिष्मा सहावीत. गेल्या साली ती आईबापासोबत फडावर गेली. पाच महिने पाचटाच्या झोपडीत, कोपीत बसून शेजारणीचं तान्हं पोर सांभाळलं आणि एप्रिलात परत आली तेव्हा बाराचा पाढा विसरून आली. शाळेनं तिला पुढं ढकललं, कारण ढकलायला कुणाच्या बापाचं काही जात नाही. घरी ठेवावं तर म्हातारी आजी एकटी, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती नातीला काय रांधून घालणार. हंगामी वसतिगृह झालं तर पोरीला शाळेतच दोन वेळचं जेवण मिळतं, संध्याकाळी अभ्यासाला कुणीतरी बसवतं आणि रात्री ती आजीजवळ झोपते. नाही झालं तर कोपी.

रोहिणी गेवराईला राहून तिथल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. तिचं इंग्रजी काही फाडफाड नव्हतं, पण अडलेला शब्द शोधायचा कंटाळा तिला नव्हता. ती उंबऱ्यावर बसली. आधी तिनं बातमी फोनमधल्या अ‍ॅपला दिली आणि तीन मुद्दे मागितले. त्यानं झटक्यात दिले: अनेक कुटुंबं स्थलांतर करतात, मुलांच्या शिक्षणावर परिणाम होतो, प्रशासन प्रयत्नशील आहे. यातलं एकही खोटं नव्हतं आणि एकही आईच्या उपयोगाचं नव्हतं. हे तर आईनंच त्या फोनला सांगितलं असतं.

मग तिनं बातमी स्वतः वाचायला घेतली. पहिले दहा परिच्छेद पहाटेच्या धुक्यात आणि बायकांच्या चिरलेल्या हातांतच गेले. पुढं आकडे आले. अडतीस गावांची तपासणी, सत्तावीस ठिकाणी वसतिगृह मंजूर, तीन प्रस्ताव अपुरे. राहिली आठ. ती आठ कुठं गेली? बातमीच्या पार तळाशी, जिथवर सरपंचांचा अंगठाही कधी सरकला नसेल असं तिला आधी वाटलं, तिथं ती सापडली. या आठ गावांतून मागणीच आलेली नाही. शाळांच्या नोंदीप्रमाणे तिथल्या प्रत्येक पालकानं मुलांना सोबत नेत असल्याचं लिहून दिलं आहे. वानगीदाखल दोन गावांची नावं होती. दुसरं आपलं.

म्हणजे ज्या ओळीत गावाचं नाव होतं, तीच ओळ वसतिगृह नाही म्हणत होती. सरपंचांनी त्या ओळीतून नाव तेवढं उचललं आणि बाकीचं ओळीतच सोडून दिलं. रोहिणीची कानशिलं तापली. वाचलं नव्हतं असं नाही, वाचून लपवलं होतं. तिनं वहीत तीन मुद्दे खरडले आणि आईपुढं वाचले.

"एक, आपल्या गावाला वसतिगृह मंजूर न्हाई, कारण तुमी समद्यांनी पोरं संगं नेतो म्हणून लिहून दिलंय अशी शाळेत नोंद हाय. दोन, शिक्षण अधिकारी म्हणत्यात की ज्या पालकाला यादी चुकीची वाटती त्यानं शुक्रवारपर्यंत लेखी अर्ज द्यावा, नाव घेतलं जाईल. म्हंजी उद्या. तीन, सरपंचानं अन् हेडमास्तरनं मिळून खोटं केलंय."

सरस्वतीबाईची सुई थांबली. आपण कधी लिहून दिलं ते तिला आठवेना. मग तिनं विचारलं, "तिसरं बातमीत लिवलंय?"

"लिहिलं न्हाई, पण उघड दिसतंय."

"दिसतंय ते तुला. पेपरवाल्यानं लिवलंय का?"

"न्हाई."

"मग खोड ते. म्या तिथं जाऊन म्हणल पेपरात आलंय, अन् ते म्हणतील दाखवा. एक न्हाई दावता आलं की बाकीची दोन बी खोटी धरत्यात. तुजा राग तुज्यापाशी ठिव, मला बातमी दे."

रोहिणीला आईचाही राग आला. गाव फसवलं गेलंय आणि ही मुद्दे तपासत बसलीय. पण तिनं खोडलं. त्या जागी काय घालावं म्हणून बातमी पुन्हा चाळली, तेव्हा आधी घाईत सुटलेलं एक वाक्य हाताला लागलं. जिथं दहा अर्ज येतील तिथं वसतिगृह सुरू करता येतं, असं तोच अधिकारी म्हणाला होता. स्वतःची चिडचिड मुद्दा म्हणून खपवण्याच्या नादात आईला सगळ्यात जास्त लागणारी गोष्टच ती गाळून बसली होती. तिनं ती तिसऱ्या जागी लिहिली.

"दहा," सरस्वतीबाई उठली. "फडावर जाणारी घरं चाळीस हायती. ताडपत्री तशीच र्‍हाऊ दे."

"आता कावून?" आश्रुबानं विचारलं. "नारळ फुटायची येळ झाली."

"फुटू द्या," ती म्हणाली आणि चालायला लागली. रोहिणी फोन घेऊन तिच्या मागं.

ट्रॅक्टर शाळेच्या मैदानावरच उभे होते. ट्रॉल्यांत भांडी, सरपण, शेळ्या आणि त्यांच्या मधोमध पोरं. करिष्मा दप्तर पोटाशी धरून एका कडेला बसली होती. आईनं अजून काही ठरवलं नव्हतं म्हणून तिनं बोचकं आणि दप्तर दोन्ही आणलं होतं. विजयसिंह पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हार घेऊन उभे होते आणि मुख्याध्यापक सुंदरराव त्यांच्यासाठी नारळाचं ताट धरून. सरस्वतीबाईनं वाटेतच फडावर निघालेल्या मुक्ताबाईला आणि आणखी चार जणींना ते तीन मुद्दे ऐकवले होते. त्या पाचही जणी मागं येऊन उभ्या राहिल्या.

"सरपंच, तुमी लिवलं सोय झाली. ते बातमीत कुठं हाय?"

विजयसिंह हसले. हे हसू ते निवडणुकीत वापरतात. "काकू, तो सारांश असतो. एवढी मोठी बातमी, तिचा थोडक्यात अर्थ."

"थोडक्यात म्हंजी कमी लिवायचं. नसलेलं लिवायचं न्हाई."

मागून मुक्ताबाई म्हणाली, "रोहिणे, वाच." रोहिणीनं इंग्रजी ओळ वाचली, मग तिचं मराठी सांगितलं, मग पुन्हा ओळ वाचली. तीन मुद्दे, तीन ओळी. चौथं काही तिनं जोडलं नाही. ट्रॉल्यांवरच्या बायका खाली उतरायला लागल्या.

"आमी लिहून दिलंय म्हणं," सरस्वतीबाई सुंदररावांकडं वळली. "दाखवा की सर."

सुंदररावांनी सरपंचांकडं पाहिलं, ताटाकडं पाहिलं, आणि शेवटी ताट ठेवून वर्गातलं कपाट उघडलं. फाइलीत चाळीस कागद होते, सगळे छापील. वर एकच ओळ: मी माझ्या पाल्यास ऊसतोडीसाठी सोबत नेत आहे. खाली सह्या आणि अंगठे. सरस्वतीबाईची सही होती, मोडकी, तिचीच. ती बघताना तिला भाद्रपद आठवला. गणवेश वाटप चाललं होतं, रांग मोठी होती, आणि सरांनी कागद वरून दुमडून फक्त सहीची जागा पुढं केली होती. सह्या करा, गणवेश न्या. घरी काम पडलं होतं म्हणून तिनंही भराभर सही केली होती. न वाचता, आपणच केली होती.

"कावून केलं सर?"

"गेल्या साली शाळेतल्या दुपारच्या जेवणाची तपासणी आली," सुंदरराव खाली बघत म्हणाले. "पटावर एकसष्ट पोरं, पंगतीला चौदा. लई बोलणी खाल्ली. यंदा वर वसतिगृहाच्या जेवणाची कटकटच नको, असं ठरलं."

कुणाचं ठरलं ते त्यांनी सांगितलं नाही. कटकट टळावी म्हणून चाळीस घरांची पोरं उसात पाठवायची, आणि वर त्यांना हार घालून निरोप द्यायचा. 

"हे कशाला वाढवता काकू," विजयसिंह जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या करिष्माचं मी सोता बघतो. आमच्या घरी जेवंल ती."

"माजी पोर कुणाच्या दारात जेवायला न्हाई ठिवायची मला. शाळेत ठिवायची हाय. सर, लिवा अर्ज. माजा आधी."

सुंदररावांनी कागद घेतला. बायका एकीमागं एक उभ्या राहिल्या. दहा कधीच झाल्या होत्या, रांग दाराबाहेर गेली होती. अर्ज उद्या गेवराईला नेऊन पोच घ्यायचं रोहिणीनं कबूल केलं, आणि वसतिगृह सुरू होईपर्यंत करिष्माला रांधून घालत ती घरूनच कॉलेजला जाणार होती. मैदानावर टोळी घेऊन जाणाऱ्या सटवा मुकादमानं हॉर्न वाजवला. मग आणखी एकदा, लांब.

अर्ज लिहून झाला तसा सुंदररावांनी तो सवयीनं सरस्वतीबाईपुढं सरकवला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथं करा सही."

तिनं त्यांचं बोट बाजूला केलं. कागद उचलला आणि वर्गातल्या बाकावर जाऊन बसली. चौथीपर्यंतची तिची अक्षरओळख पस्तीस वर्षं जुनी होती. ती ओठ हलवत एकेक अक्षर जुळवायला लागली. एका जोडाक्षरावर अडली, तेव्हा रोहिणी सांगायला पुढं झाली. तिनं हातानंच थांबवलं.

"अगं ये, निघायचंय," बाहेरून आश्रुबा ओरडला. मुकादम दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मागं सरपंच, हातात तसाच हार.

"थांबा," सरस्वतीबाई वर न बघता म्हणाली. "माजं वाचायचं हाय."

ती शेवटच्या ओळीपर्यंत पोचली. मग पान उलटून मागं काही लिहिलंय का ते पाहिलं, आणि मग पेन मागितला.