पुढे न दाबलेली यादी

वडप्याच्या गोदामात नवशाला मितेशने सगळ्यांच्या देखत चोर म्हटलं, तेव्हा नवशाचीच मुलगी सखी चार हातांवर बसून गेटची एंट्री करत होती. बेचाळीस खोकी यादीत होती, गोदामात नव्हती, आणि ज्या डॉकवरून ती ट्रकात जायची तिथे माल चढवणारा नवशा. झालं! सतरा वर्षं खोकी वाहणारा माणूस दुपारच्या दुपारी दिघाशीला घरी परत. सखीने एंट्री पुरी केली, खुर्ची सरकवली नाही, पण मनात डूख धरला तो धरलाच.

मितेश म्हणजे गोदामाचे मालक बाळारामशेठ यांचा पुतण्या. जमीन काकांची, रुबाब पुतण्याचा. हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि कॉम्प्युटरातलं आपल्यालाच कळतं हा माज.

गोदामाचं सॉफ्टवेअर छोटंसंच, सगळ्या मालाच्या नोंदी एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसच्या एका फाइलीत. दोन डॉकचे दोन स्कॅनर, सखीची गेट एंट्री आणि मितेशची यादी, असे चार प्रोग्रॅम एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर चालत आणि त्याच एका फाइलीला हात घालत. बनवणारा कधीच दुबईला गेला होता. आता त्याची निगा सखीच राखायची.

दोन दिवसांनी तिने चुकांची नोंद उघडली. नवशाच्या डॉकच्या त्या दुपारच्या बेचाळीस ओळी, सगळ्यांत एकच वाक्य: ‘डेटाबेस इज लॉक्ड’, म्हणजे फाइलीला कुलूप. स्कॅनर बारकोड वाचला की बीप करतो. फाइलीत लिहिलं गेलं की नाही, हे त्या बीपला काय ठाऊक? हमाल पडदा बघत नाहीत, बीप ऐकतात आणि खोकं ट्रकात टाकतात. माल रीतसर गेला होता, नोंद तेवढी झाली नव्हती.

कुलूप लावतंय कोण? दोन्ही स्कॅनर एकदम लिहायला गेले तर एकाला जरा थांबावं लागतं, पण प्रोग्रॅम पाच सेकंद वाट बघतो आणि तेवढ्यात मिटतं. मितेशची यादी मात्र निराळी. ती शंभर ओळी दाखवून थांबते, आणि ‘पुढे’ दाबत शेवटपर्यंत गेल्याशिवाय वाचन सुटत नाही. वाचन चालू असलं की दुसऱ्याचं लिहिणं पक्कं होत नाही. मितेश केबिनमधून यादी उघडायचा, पहिलं पान तसंच ठेवून घरी जेवायला जायचा. जेवणाच्या त्या तासात फक्त नवशाचा डॉक चालू असायचा. सखीने स्वतः यादी अर्धी उघडून पाहिलं: नोंद अडकली. बंद केली: नोंद झाली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!

दुरुस्ती सोपी होती. सगळ्या ओळी एकदम वाचून घ्यायच्या आणि वाचन लगेच बंद करायचं. अर्ध्या तासाचं काम. त्याच संध्याकाळी ती बाळारामशेठकडे जाऊ शकली असती.

गेली नाही. गुपचूप सांगितलं तर मितेश गुपचूप सुटेल. बापाला चारचौघांत बोलला ना? मग ह्याचं नाकही चारचौघांतच कापलं जायला हवं. पुढच्या आठवड्यात, ज्यांचा माल गोदामात होता त्या पार्टीचे साहेब तपासणीला येणार होते. तोवर जेवणाच्या वेळी ती स्वतः मागे बसून राहायची आणि मितेश गेला की त्याची यादी बंद करायची, म्हणजे दुसऱ्या कोणाचा बळी जायला नको. घरी नवशा भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. ती जेवण वाढायची आणि गप्प राहायची.

तपासणीच्या दिवशी मितेशने साहेबांसमोर ऐटीत यादी उघडली. डॉकवर हमाल काशीने दहा खोकी चढवली, दहा बीप झाले. साहेबांनी नोंदी विचारल्या तर एकही नाही. मितेश लगेच काशीवर घसरला.

सखी उठली. “मितेशदादा, ती यादी बंद करा,” ती म्हणाली. “आता काशीताई एक खोकं स्कॅन करतील.”

यादी बंद झाली, नोंद पडली. यादी उघडली, पुढचं खोकं अडकलं. मग तिने नवशाच्या दिवसाची नोंद मोठ्याने वाचली, बेचाळीसच्या बेचाळीस ओळी, एकही न गाळता. मितेशचा चेहरा पांढराफटक पडला. काय गारवा वाटला तिला! बाळारामशेठनी तिथेच पुतण्याकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि नवशाला आणायला गाडी पाठवली.

नवशा आला. मितेशने हात जोडले. नवशाने त्याच्याकडे पाहिलंच नाही, सरळ सखीकडे आला.

“तुला कदी कळलं?”

तिला खोटं बोलता आलं असतं. “अकरा दिवस झाले, बा.”



“अकरा दिवस,” तो म्हणाला. “माज्या भावाच्या पोरीची हळद झाली त्यात. लोकं चोर म्हनतील म्हनून मी न्हाय गेलो. त्यानं येक दिस चोर केला मला. बाकीचं तू ऱ्हाऊ दिलंस.”

गाडी उभीच होती. तिच्यात न बसता तो हायवेच्या कडेने पायीच दिघाशीच्या वाटेला लागला.