आवाज दुप्पट झाला तेव्हा

क्षितिजाची प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीतला परीक्षेचा काळ, शुक्रवारी संपत होती, आणि आज गुरुवार होता. सहा महिने संपल्यावर कंपनी ठेवणार की नारळ देणार, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बोब्लिंगेनच्या त्या छोट्या जर्मन कंपनीत चांगली बातमी कुणी आधी सांगत नाही, आणि वाईट तर मुळीच नाही.

टेस्ट हॉलमध्ये रोलरवर चढवलेली डिझेल गाडी मिनिटाला पंधराशे फेऱ्यांवर स्थिर घुमत होती. आत बसलं की डोक्यामागे एकसुरी हूं ऐकू यायचा, सेकंदाला पन्नास हेलकाव्यांचा. हा हूं घालवणं हेच क्षितिजाचं काम. पुढच्या सीटवर तिच्या बॉस फ्राऊ हार्टविग, मागे ग्राहक कंपनीचे लिंडनर, आणि त्यांच्या शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन क्षितिजा.

"आमचा स्पीकर इंजिनाइतकीच मोठी, तशीच लाट सोडतो," ती घसा साफ करत म्हणाली, "फक्त अर्धा हेलकावा सरकवून. म्हणजे इंजिनाची लाट वर असते तेव्हा आमची तितकीच खाली. दोन्हींची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य. फेऱ्या बदलल्या की हेलकाव्याची लांबी बदलते, म्हणून किती सरकवायचं तेही बदलतं."

"आल्झो, बरं तर, ऐकवा," लिंडनर म्हणाले.

तिनं बटण दाबलं. हूं वाढला. थोडाथोडका नाही, दाराचं प्लॅस्टिक थरथरायला लागलं. फ्राऊ हार्टविगनी मान वळवून नुसतं पाहिलं.

तिनं बंद केलं. स्क्रीनवरचे आकडे पाहिले आणि तशा भीतीतही डोकं चाललं. लाटेची उंची बरोब्बर दुप्पट झाली होती. आपली लाट लहानमोठी असती, तर दुप्पट भरली नसती. म्हणजे लाट योग्य, उंची योग्य, फक्त ती खड्ड्याऐवजी उंचवट्यावर बसत होती. अर्धा हेलकावा कुणीतरी आणखी सरकवला होता! अर्धा आणि अर्धा मिळून पूर्ण, आणि पूर्ण सरकली की लाट जिथल्या तिथे.

कोड तिनं काल घरी बसून दुरुस्त केला होता. नव्या आवृत्तीत लाट उलटवणारा, म्हणजे अर्धा हेलकावा सरकवणारा मायनस घालायला ती विसरली होती आणि कालच्या चाचणीत आवाज वाढला होता. शरमेपोटी कुणाला न सांगता रात्रीतून मायनस घातला, आणि आज फाइल चढवली. मग आता काय?

"एक मिनिट," म्हणून ती खाली उतरली. गाडीमागे नागेश उभा होता. तिच्याआधी तीन वर्षं इथं आलेला, नाशिकचा, गाडीतली जोडणी सांभाळणारा. काल रात्री फाइलमध्ये मायनस घातल्याचं तिनं सांगताच त्याचा चेहरा पडला.

"अगं, सकाळी लवकर ट्राय केलं, तर आवाज वाढत होता," तो कुजबुजला. "तुझ्या कोडला हात लावायला नको, उगाच तुझं नाव खराब होईल, म्हणून मी स्पीकरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या. प्लसच्या जागी मायनस, की लाट आपोआप उलटी. तू फाइल बदललीस हे मला काय माहीत?"

"आणि तू वायरी बदलल्यास हे मला! नागेश, एक फोन नाही करायचास?"

"तू केलास का?"

तिनं काखेतला लॅपटॉप समोर धरला.

"ऐक," तो म्हणाला, "तुझा मायनस काढून टाक. पाच सेकंदांत गप्प होईल. कुणाला कळणारसुद्धा नाही."

तिचा हात खरोखरच लॅपटॉपकडे गेला. पण हीच फाइल लिंडनर आज सोबत घेऊन जाणार होते, त्यांच्या स्वतःच्या गाड्यांवर चढवायला. तिथं वायरी सरळ असणार. मायनस काढलेली फाइल तिथं हूं दुप्पट करणार, आणि तेव्हा ती तिथं नसणार.

"वायरी सरळ कर," ती म्हणाली, आणि गाडीचं दार उघडलं.

"लाट दोनदा उलटवली गेलीय. एकदा वायरींत, एकदा माझ्या फाइलमध्ये. काल माझी चूक झाली होती, ती मी कुणाला न सांगता दुरुस्त केली. फाइल आता बरोबर आहे, वायरी सरळ करायला दहा मिनिटं लागतील."

नागेश डिकीत डोकं घालून वायरी सोडवत राहिला, आणि ती दहा मिनिटं तिला जन्मभरासारखी वाटली.

मग तिनं बटण दाबलं. हूं गेला. इतका गेला, की लिंडनर यांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "आणि आमच्या वायरी कुणी उलट्या लावल्या तर?"

"तर पुन्हा दुप्पट. फाइलसोबत तसं लिहून देते."

फ्राऊ हार्टविग उतरल्या आणि दार लावता लावता तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "सोमवारी आठला या. नागेशबरोबर बसून नियम ठरवा. लाट उलटवायची असेल तर आधी एकमेकांना फोन."

क्षितिजानं मान डोलावली. फ्राऊ हार्टविग हॉलच्या दाराशी पोचेपर्यंत तिला उमगलंच नाही की त्यांनी शुक्रवारनंतरचा सोमवार म्हटला होता, आणि मग ती सीटवरच बसून रडायला लागली.